पावसाळ्याआधी दर आठवड्याला पाणी रिकामं करा: कॉलनीच्या मीटिंगमधल्या भाषणावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यात आमच्या जळगावच्या कॉलनीत रहिवाशांची मीटिंग झाली, तिथे मी साठलेल्या पाण्यावर आणि डेंग्यूच्या डासावर बोलले. तेव्हापासून जिना चढता उतरता, भाजीच्या गाडीपाशी, फोनवर तेच तेच प्रश्न येतायत, म्हणून सगळे एकत्र लिहिलेत. भुसावळ, धुळे, चाळीसगावकडच्या नातेवाईकांनी विचारलेलेही यात आहेत.

मीटिंगला यायला जमलं नाही ताई, नेमकं काय बोललात ते थोडक्यात सांगा ना?

एवढंच बोलले की पाऊस सुरू व्हायच्या आधीच, म्हणजे आत्तापासून, घरातलं दारातलं प्रत्येक साठलेलं पाणी सात दिवसांच्या आत एकदा पूर्ण रिकामं करायचं, भांडं आतून घासायचं, आणि मग परत भरायचं. पाणी ओतून देणं हे अर्धंच काम आहे, घासणं हे उरलेलं अर्धं, आणि लोक नेमकं तेच सोडतात. का ते खाली सविस्तर आहे. आणि दुसरी गोष्ट म्हणजे सगळ्या गल्लीने एकाच आठवड्यात सुरू करायचं, कारण हा डास लांब उडत नाही, तो आपल्याच दोन-चार घरांत जन्मतो आणि तिथेच चावतो.

सातच दिवस का? पंधरा दिवसांनी केलं तर नाही का चालणार?

नाही चालणार. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी अंडी घालते, त्यातून पाण्यात वळवळणारी अळी निघते, अळीचा कोष होतो आणि कोषातून डास उडतो. आपल्याकडच्या उबदार दिवसांत हे सगळं साधारण सात ते दहा दिवसांत उरकतं. सात दिवसांच्या आत पाणी काढलं की जे काही आत वाढतंय ते उडायच्या आधीच मरतं, पंधरा दिवस थांबलात तर एक पिढी उडून गेलेली असते आणि त्यातल्या माद्यांनी परत अंडीही घातलेली असू शकतात. सरकारी आरोग्य खातं आठवड्याचा कोरडा दिवस पाळा म्हणतं ते याच हिशोबाने.

पण पाऊस तर जूनमध्ये येणार, आत्ता ४४ डिग्रीत कुठले डास? उन्हात सगळं वाळून जातंय की.

हा प्रश्न सगळ्यात जास्त आला, आणि माझं अख्खं भाषण खरं तर याच प्रश्नाचं उत्तर होतं, म्हणून जरा लांब लिहिते.

बाहेर उन्हात पडलेला डबा, करवंटी, टायर यांचं पाणी मे महिन्यात खरंच आटतं किंवा इतकं तापतं की अळी जगत नाही. म्हणून उघड्यावर डास कमी होतात हे बरोबर आहे. पण त्याच महिन्यात आपण खान्देशवाले घराघरात कूलर लावतो, रांजण भरतो, मोरीत ड्रम ठेवतो. कूलरच्या टाकीतलं पाणी दिवसभर गवतावरून फिरतं आणि बाष्पीभवनाने बाहेरच्या हवेपेक्षा बरंच गार राहतं. रांजणाचंही तेच. म्हणजे ज्या दिवसांत निसर्ग डासाला मारतोय त्या दिवसांत त्याच्यासाठी थंड, सावलीतली, कायम भरलेली जागा आपल्याच घरात तयार असते. तिथे तो उन्हाळा काढतो.

दुसरी गोष्ट अंड्यांची. एडिसची मादी बहुतेक अंडी पाण्यात टाकत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. ती काळी असतात, एक मिलिमीटरपेक्षा लहान, त्यामुळे सहज दिसत नाहीत. पाणी आटलं तरी ती मरत नाहीत, कोरड्या भिंतीवर कित्येक महिने तशीच टिकतात. मग जूनमध्ये पहिला दमदार पाऊस येतो, गच्चीवर नेऊन ठेवलेल्या कूलरच्या टाकीत पाणी साचतं, अंड्यांवर पाणी चढतं आणि त्यातली बरीचशी एकदमच फुटतात. आठ-दहा दिवसांत डास. लोक म्हणतात पावसाने डास आणले, पण अंडी आपल्याच भांड्यात मे महिन्यापासून बसलेली असतात. म्हणून काम पावसाच्या आधी करायचं.

नुसतं पाणी ओतून दिलं तर चालणार नाही का? घासायचं कशाला?

वर सांगितलं तसं अंडी भिंतीला चिकटलेली असतात, पाणी ओतल्याने ती निघत नाहीत. तुम्ही रिकामं केलं, लगेच नवीन पाणी भरलं, ते त्या अंड्यांवर चढलं आणि अळ्या बाहेर. उलट तुम्हीच त्यांना पाणी दिलं असं होतं.

घासायला काही विशेष लागत नाही, काथ्या किंवा कडक प्लास्टिकचा ब्रश आणि भांड्याची पावडर. जोर लावायचा तो पाण्याची नेहमीची रेषा असते त्याच्या वरच्या वितभर पट्ट्यावर, तळ चकचकीत करून उपयोग नाही. ड्रमला क्षाराची पांढरी किनार धरलेली असते ना, त्या खडबडीत किनारीवर अंडी छान चिकटतात, तिथे दोनदा घासा. घासलेलं पाणी मोकळ्या मातीवर उन्हात ओता, दुसऱ्या भांड्यात किंवा नाल्यात नको.

आमच्याकडे पाणीच दोन-तीन दिवसांनी येतं, ते फेकायला कसं सांगता?

मीटिंगमध्ये आमच्या गल्लीतल्या आजी उठूनच उभ्या राहिल्या, "आठे पानी येस नही अन तू फेकाले सांगस?" आणि त्यांचं बरोबरच होतं. वाघूर धरणाचं पाणी जळगावात रोज येत नाही, धुळ्यात तर आठ-आठ दिवस वाट बघितलेले लोक आहेत. इथे पाणी साठवू नका असं कोणी सांगितलं तर ते ऐकण्यासारखंच नाही. म्हणून पाणी फेकायचं नाही, वापरून संपवायचं, आणि रिकाम्या होणाऱ्या भांड्याची पाळी नळाच्या पाळीशी जुळवायची.

आजींच्याच घराचं गणित आम्ही तिथे मांडलं. घरात २०० लिटरचे दोन निळे ड्रम, एक रांजण आणि कूलर. नळ एक दिवसाआड सकाळी. पहिल्या पाळीच्या आदल्या संध्याकाळपासून फक्त पहिल्या ड्रममधलंच पाणी काढायचं, दुसरा झाकून ठेवायचा. सकाळपर्यंत पहिल्याच्या तळाला चार बोटं पाणी उरतं, ते साधारण एक बादली भरतं, तेवढ्यात फरशी पुसून होते नाहीतर ते झाडांना जातं. मग ड्रम आडवा करून घासायचा, उरलेला गाळ मातीवर, नळ आला की भरायचा. दुसऱ्या पाळीला दुसरा ड्रम, तिसऱ्या पाळीला रांजण. चौथ्या पाळीला परत पहिला ड्रम. एक दिवसाआड पाणी असलं की तीन पाळ्या म्हणजे सहा दिवस, म्हणजे कुठलंच भांडं सात दिवसांच्या पुढे जात नाही, आणि पाणी वाया किती गेलं तर तळाचा गाळ तेवढा.

दोन दिवसांआड येत असेल तर प्रत्येक भांड्याची पाळी एक सोडून एक ठेवा, तेही सहाच दिवस होतात. तीन दिवसांआड असेल तर मात्र एक सोडून एक केलं की आठ दिवस भरतात, तेव्हा प्रत्येक पाळीला सगळीच भांडी करावी लागतात. वाराने लक्षात ठेवायला जाऊ नका, एक दिवसाआडच्या नळात वार सरकत जातो, पाळी मोजा. ड्रमवर खडूने १, २ लिहून ठेवलं की घरातलं कोणीही सांगू शकतं आज कोणाचा नंबर.

आणि पाणी आठ-दहा दिवसांनीच येत असेल तर? तेव्हा तर पाळी जमणारच नाही.

हो, तिथे वरचं गणित तुटतं. मग दोन गोष्टी कराव्या लागतात. एक, भांडं असं बंद करायचं की मादी आत जाणारच नाही. ड्रमवर जुन्या सुती साडीचा दुहेरी कपडा घ्या, दोरीने किंवा सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने काठाला ताणून बांधा. कपडा मध्ये झोळ होऊन पाण्याला टेकला तर उपयोग गेला, ओल्या झोळावर बसून मादी अंडी घालू शकते. आणि पाणी काढताना कपडा सोडला की लगेच परत बांधायचा, दिवसभर उघडा ठेवून रात्री बांधण्याला अर्थ नाही कारण ही मादी दिवसाच फिरते.

दोन, सातव्या दिवशी पाणी गाळून घ्यायचं. एका ड्रममधून बादलीने काढायचं, दुहेरी कपड्यातून रिकाम्या घासलेल्या भांड्यात ओतायचं. अळ्या आणि कोष कपड्यावर राहतात, कपडा उन्हात टाकला की संपले. पाणी तुमचं तुमच्याकडे. एकच ड्रम असेल तर शेजाऱ्याचा तासाभरासाठी मागून घ्या.

कूलरमध्ये रोज ताजं पाणी घालतो, तरी आठवड्याला रिकामा करायचा?

रोज घालता म्हणूनच करायचा. रोज वरून भर घातली की पाण्याची पातळी खाली-वर होत राहते, खाली गेली की वरच्या ओल्या पट्ट्यावर मादी अंडी घालते, संध्याकाळी तुम्ही पाइप लावला की पाणी त्या पट्ट्यावर चढतं आणि अंडी फुटतात. टाकी कधीच पूर्ण रिकामी होत नाही. डासासाठी याच्यापेक्षा सोयीची व्यवस्था शोधून सापडायची नाही.

आठवड्यातून एक दिवस सकाळी प्लग काढून घ्या (नुसता स्विच बंद करून भागत नाही, प्लगच काढा, ओल्या हाताने कूलरला हात लावून माणसं दगावलीत), खालचं बूच काढून सगळं पाणी बादलीत धरा, कपड्याने गाळून झाडांना घाला. टाकीच्या चारही भिंती आणि कोपरे घासा. पंपाच्या खाली दोन बोटं पाणी नेहमी राहतं, कूलर तिरका करून तेही काढा, अळ्या सगळ्यात जास्त तिथेच सापडतात. गवताच्या ताट्या काढून कडक उन्हात वाळवा, टाकी पण दोन-तीन तास कोरडी राहू द्या.

जूनमध्ये कूलर काढून ठेवतो तेव्हा काय करायचं?

घासायचा, वाळवायचा, ताट्यांचं जुनं गवत फेकून द्यायचं, आणि छपराखाली किंवा टाकी पालथी होईल असा ठेवायचा. गच्चीवर उघडा सोडला की पहिल्याच पावसात काय होतं ते उन्हाळ्याच्या प्रश्नात लिहिलंय. आमच्या भागात जुलैमधल्या अळ्यांची जागा शोधत गेलं की पुष्कळदा गच्चीवरचा जुना कूलरच निघतो.

पाण्यात अळ्या आहेत का हे आम्हाला कसं कळणार? पाणी तर स्वच्छ दिसतं.

स्वच्छ दिसलं तरी खात्री नाही, या डासाला घाण गटारापेक्षा स्वच्छ साठवलेलं पाणीच आवडतं. गटारातला डास सहसा वेगळा, क्युलेक्स, तो रात्री चावतो.

मोबाइलचा टॉर्च घेऊन ड्रमकडे या, पण हळू, कारण सावली पडली किंवा पाणी हललं की अळ्या झटकन तळाला जातात. एक-दोन मिनिटं न हलता थांबा, श्वास घ्यायला त्यांना वर यावंच लागतं. पृष्ठभागापासून डोकं खाली करून तिरकं लटकलेलं, पाच-सहा मिलिमीटरपर्यंतचं वळवळणारं दिसलं तर ती अळी. स्वल्पविरामासारखं वाकडं, मोठ्या डोक्याचं, टुणटुण उड्या मारणारं दिसलं तर तो कोष. कोष दिसणं म्हणजे एक-दोन दिवसांत डास उडणार, आणि त्या भांड्याला बरेच दिवस कोणी हात लावलेला नाही. आमच्या मीटिंगमध्ये मी कॉलनीतल्याच एका टाकीतलं पाणी पारदर्शक बाटलीत, झाकण घट्ट लावून नेलं होतं आणि ती रांगेत फिरवली. ज्यांनी बाटली हातात घेऊन बघितली त्यांना पुढे फारसं समजावावं लागलं नाही.

गच्चीवरची हजार लिटरची टाकी आणि खालचा हौद दर आठवड्याला कसा रिकामा करणार?

करू नका, ते शक्यही नाही. तिथे झाकण हाच उपाय. गच्चीवरची टाकी बघा, उन्हाने झाकण तडकलेलं असतं किंवा वाऱ्याने उडून नुसतं दगडावर टेकवलेलं असतं. नवीन झाकण बसवा, तोपर्यंत जाळी बांधा. ओव्हरफ्लोच्या पाइपाच्या तोंडाला बारीक नायलॉनची जाळी, तो बहुतेक सगळे विसरतात. संडासाच्या व्हेंट पाइपला पण तशीच जाळी.

हौदाला झाकण बसत नसेल तर आरोग्य विभागाकडून गप्पी मासे मागून घ्या, ते अळ्या खातात. नाहीतर आरोग्य सेवक येऊन टेमिफॉस टाकतात, ज्याला आपण अबेट म्हणतो. ते मोजून टाकायचं असतं म्हणून स्वतःच्या हाताने अंदाजाने टाकू नका, त्यांनाच टाकू द्या. त्यांनी टाकल्यावर दुसऱ्याच दिवशी हौद धुऊन काढला तर औषध गेलं, हेही घरात सगळ्यांना सांगून ठेवा. आणि गप्पी असलेल्या हौदात अबेट टाकायच्या आधी त्यांना मासे आहेत हे सांगा.

टीसीएल पावडर किंवा रॉकेल टाकलं तर अळ्या मरत नाहीत का?

पिण्याच्या पाण्यात जंतू मारायला जेवढं टीसीएल टाकतो तेवढ्याने अळी मरत नाही, आणि अळी मरेल एवढं टाकलं तर ते पाणी पिता येणार नाही. रॉकेल किंवा जळकं ऑइल वापराच्या, जनावरांच्या किंवा पिण्याच्या पाण्यात कधीच नको. साचलेल्या डबक्यात, जे उपसताच येत नाही, तिथे जळकं ऑइल टाकतात, पण जमत असेल तर खड्डा मुरुमाने भरणंच बरं.

महापालिकेची धुराची गाडी येऊन गेली, मग आता कशाला हे सगळं?

धुराने फक्त त्या वेळी उडत असलेले डास मरतात, तेही धूर लागला तर. एडिस घरात पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांमागे बसतो आणि धूर आला की आपण खिडक्या लावून घेतो. पाण्यातल्या अळीला, कोषाला आणि भिंतीवरच्या अंड्याला धुराने काहीच होत नाही, दोन-चार दिवसांत नवीन डास बाहेर. साथ आल्यावर धुराचा उपयोग आहे, पण पाणी काढायच्या ऐवजी नाही.

ड्रम आणि कूलर झाले, आणखी कुठे बघायचं?

फ्रिजच्या मागचा ट्रे, मनी प्लँटची बाटली, कुंडीखालची ताटली, पाखरांसाठी ठेवलेली पाण्याची भांडी (पाखरांचं पाणी बंद करू नका, रोज ओतून परळ घासून भरा), न वापरलं जाणारं पाहुण्यांच्या खोलीचं संडासाचं भांडं, पंक्चरच्या दुकानामागचे टायर. टायर ओतून पूर्ण रिकामा होतच नाही, छपराखाली ठेवा नाहीतर भोक पाडा.

शेजारी केळीची बाग आहे, डास तिथूनच येतात, मग आमच्या घरात काय शोधता?

यावल-रावेरकडून हे बऱ्याचदा येतं. ठिबकने ओली झालेली माती किंवा पाटाचं वाहतं पाणी ही एडिसची जागा नाही. केळीच्या पानांच्या बेचक्यात थोडं पाणी राहतं आणि एडिसची एक दुसरी जात तिथे वाढू शकते, हे खरं. पण बागेत आधी खत मिसळायची टाकी, औषध फवारणीचे उघडे ड्रम आणि फेकलेले डबे बघा, ते उपसता येतात. आणि डेंग्यूचा मुख्य डास सहसा जन्मल्या जागेपासून शे-दोनशे मीटरच्या पुढे फारसा जात नाही, त्यामुळे बाग अर्ध्या किलोमीटरवर असेल तर चावणारा डास बहुतेक तुमच्या गल्लीचाच आहे.

एक घर कुलूपबंद आहे, मालक पुण्याला. आणि समोर बांधकाम चालू आहे. आम्ही कितीही केलं तरी काय फायदा?

तुमचा त्रास खरा आहे, एक मादी एका वेळी साधारण शंभर अंडी घालते आणि तीही दोन-चार भांड्यांत वाटून, म्हणून एक सुटलेलं घर गल्लीला पुरतं. कुलूपबंद घराच्या मालकाला फोन करून किल्ली कोणाकडे आहे विचारा, गच्चीवर बाहेरून जाता येत असेल तर दोघांनी मिळून, मालकाला सांगून, पाणी काढा. आमच्याकडे मालकांनी स्वतःच हो म्हटलं, नुसतं कोणी विचारलं नव्हतं.

बांधकामावर बघायचं ते हौद, क्युरिंगसाठी स्लॅबवर बांधलेले आळे आणि लिफ्टचा खड्डा. ठेकेदाराला सांगा की स्लॅबचं पाणी आठवड्यात एक दिवस पूर्ण सुकू देण्याची गरज नाही, झाडूने आळ्यातलं पाणी लोटून काढून लगेच नवीन भरलं तरी अळ्या जातात, कामही अडत नाही. ऐकलं नाहीच तर फोटोसहित महापालिकेच्या मलेरिया विभागाला लेखी द्या, ते नोटीस काढू शकतात.

आमच्या कॉलनीत मला बोलायचंय, तुमचं भाषण वापरू का? लोक ऐकत नाहीत.

खुशाल वापरा. १६ मे हा राष्ट्रीय डेंग्यू दिवस, त्याच्या आसपासचा रविवार धरला तर पावसाला अजून तीन-चार आठवडे असतात आणि आशाताईंनाही बोलावता येतं. दहा मिनिटांच्या वर बोलू नका. किती माणसं आजारी पडली याची यादी वाचून घाबरवू नका, लोक घाबरतात आणि घरी जाऊन अगरबत्ती लावतात, ड्रम तसाच राहतो. त्याऐवजी आजींच्या घराचं केलं तसं तिथेच एका घराचं गणित मांडा, त्यांचा नळ, त्यांचे ड्रम. पाण्याची तक्रार येणारच, तिला आधी मान द्या मग बोला. शेवटी एकच ठरवा, पहिला दिवस कोणता, आणि वयस्कर माणसं एकटी राहतात त्यांचे ड्रम कोण आडवे करणार. आमच्याकडे ते कॉलेजच्या पोरांनी वाटून घेतलं.

घरात कोणाला डेंग्यू निघालाच तर आठवड्याच्या पाळीची वाट बघायची का?

नाही, त्याच दिवशी सगळ्या गल्लीने पाणी काढायचं. ताप असतो त्या पहिल्या पाच दिवसांच्या आसपास रुग्णाला चावलेला डास विषाणू घेतो, पण तो लगेच दुसऱ्याला देऊ शकत नाही, त्याच्या अंगात विषाणू तयार व्हायला साधारण आठ ते बारा दिवस लागतात. हेच दिवस आपल्या हातात असतात. रुग्णाला दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा, कारण हा डास मुख्यतः सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी चावतो. तापाला डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉलच, ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घरात असलं तरी देऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरल्यावर पोटात जोरात दुखलं, सारखी उलटी झाली, हिरड्यातून रक्त आलं किंवा माणूस फार सुस्त झाला तर बरं वाटतंय म्हणून थांबू नका, लगेच दवाखान्यात न्या. आणि आशाताईंना कळवा, म्हणजे त्या आजूबाजूच्या घरांतली भांडी तपासायला टीम घेऊन येतात, तेव्हा दार उघडा आणि फ्रिजमागचा ट्रे पण दाखवा.